शेजारच्या आजींना मुलगा मारतो, घरात लहान नातूही आहे. ११२, १८१, १४५६७ की १०९८, नेमका कुठला नंबर लावू?

उत्तमनगरकर
नमस्कार मंडळी. सिडकोत आमच्या वरच्या मजल्यावर एक आजी राहतात, वय ७२. सोबत मुलगा आणि नऊ वर्षांचा नातू. सून दीड वर्षापूर्वी माहेरी गेली ती परत आलीच नाही. मुलगा रोज पिऊन येतो. आधी नुसता आरडाओरडा असायचा, आता हात उचलतो. परवा आजी खाली पाणी भरायला आल्या तेव्हा मनगट निळं पडलेलं होतं. विचारलं तर म्हणाल्या, "दारात अडकलं गं."

मला सगळ्यात जास्त लागतं ते त्या पोराचं. बाप आला की तो दप्तर घेऊन जिन्यात येऊन बसतो. रात्री साडेदहा-अकराला जिन्यातल्या दिव्याखाली गृहपाठ करत असतो. दोनदा मी त्याला आत बोलावून जेवू घातलं.

फ्लॅट आजोबांचा होता. ते गेल्यावर आजींनी तीन वर्षांपूर्वी तो मुलाच्या नावावर बक्षीसपत्राने करून दिला. आता तोच म्हणतो, घर माझं आहे, निघ.

मोबाईलवर इतके नंबर फिरत असतात की डोकं चालत नाही. आजी बाई आहेत म्हणून १८१? म्हाताऱ्या आहेत म्हणून १४५६७? पोरासाठी १०९८? की सरळ ११२? एकाला लावला तर बाकीच्यांना आपोआप कळतं का? आणि आजी "काही झालं नाही" म्हणाल्या तर मी तोंडघशी पडेन का?

पंचवटीचा अमोल
ताई, १४५६७ लावा. ज्येष्ठांसाठी केंद्र सरकारचा नंबर आहे, फोन केला की पोलीस येऊन मुलाला उचलतात. आमच्या ग्रुपवर आलं होतं.

निवृत्त हवालदार
अमोल, नंबर बरोबर आहे, पण पोलीस येतात हे खरं नाही. १४५६७ म्हणजे एल्डरलाइन. सकाळी ८ ते रात्री ८, आठवड्याचे सातही दिवस. तिथे समुपदेशन होतं, माहिती मिळते, गरज पडली तर त्यांचा माणूस प्रत्यक्ष भेटायलाही येतो. पण गाडी पाठवणं हे त्यांचं काम नाही. आणि ताईंनी सांगितलेला प्रकार रात्री अकराचा आहे, तेव्हा ती लाइन बंद असते.

मारहाण चालू आहे, आवाज येतोय, दार आतून बंद आहे, अशा वेळी ११२ शिवाय दुसरा नंबर मनातसुद्धा आणू नका. त्या क्षणी गाडी फक्त तोच पाठवतो. १०० पाठ असेल तर तोही चालेल.

एक गोष्ट सांगतो, माझ्याच चुलत बहिणीच्या घरची. तिने घाईत फोनवर नुसतं "सिडकोतून बोलतेय" म्हटलं. आता राज्याचं ११२चं केंद्र नवी मुंबईत. सिडको तिथेही आहे आणि छत्रपती संभाजीनगरलाही आहे. दोन-तीन मिनिटं गाव ठरवण्यातच गेली. म्हणून पहिलं वाक्य "नाशिक शहर", मग सिडको, मग चौक, मग बिल्डिंग, मजला आणि दाराचा क्रमांक. त्यांना मोबाईलचं ठिकाण अंदाजे दिसतं, पण मजला दिसत नाही. घरात लहान मूल आणि वृद्ध बाई आहे हेही आधीच सांगा.

उत्तमनगरकर
काका, हे माझ्या लक्षातच आलं नसतं. आम्हाला सिडको म्हणजे आपलंच वाटतं. पण गाडी आली आणि आजी म्हणाल्या काही नाही, तर?

निवृत्त हवालदार
दहात सात वेळा तसंच होतं. गाडी येते, मुलगा दारात नीट उभा राहून बोलतो, आई म्हणते "घरगुती आहे साहेब", अंमलदार दम देतो आणि निघतो. तरी ते वाया जात नाही, कारण कॉलची नोंद राहते. तारीख आणि वेळ वहीत लिहून ठेवा. पुढे आजींनी तोंड उघडलं, तर "याआधी या तारखेला गाडी आली होती" हे सांगता येतं.

शक्य झालं तर आलेल्या अंमलदाराला एवढंच म्हणा की आजींना मुलासमोर विचारू नका, आमच्या घरात बसवून विचारा. फरक पडतो.

सुनंदा म.
मी काही वर्षं महिलांच्या हेल्पलाइनवर फोन घ्यायचे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. उत्तमनगरकर ताई, तुमचा प्रश्न "बाई की म्हातारी" असा आहे. तो तसा धरू नका. फोन उचलणारा काय करू शकतो आणि त्याला कोणाची परवानगी लागते, हे बघा.

११२ चं काकांनी सांगितलं. गाडी येते, तेवढी वेळ निभावते, पण दुसऱ्या दिवशी घर तेच आणि माणसं तीच असतात. १८१ त्यानंतरचं काम करतं. चोवीस तास चालू असतं. पण अनेकांना वाटतं की ते नवऱ्याने मारलेल्या बायकांसाठीच आहे. तसं नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आईलाही लागू आहे, मुलाविरुद्ध. पोलीस ठाण्यात कधीकधी सांगतात की सासरच्या छळाचं कलम इथे लागत नाही, आणि ते खरंच आहे, कारण ते कलम नवरा आणि त्याच्या नातेवाइकांपुरतं आहे. मग बाई निराश होऊन घरी येते. तिला दुसऱ्या कायद्याचा रस्ता कोणी दाखवतच नाही. त्या रस्त्यावर संरक्षण अधिकारी असतात. ते तिचं ऐकून घटनेचा अहवाल तयार करतात आणि तो न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. कोर्ट मुलाला मारहाण करू नको असा आदेश देऊ शकतं, घराबाहेर राहायलाही सांगू शकतं. घर कोणाच्या नावावर आहे यावर ते अडत नाही. आजी त्या घरात राहत आल्या आहेत, हे महत्त्वाचं.

१८१ वाले आजींना संरक्षण अधिकाऱ्यांशी किंवा सखी वन स्टॉप सेंटरशी जोडून देतील. सखीमध्ये वैद्यकीय मदत, पोलिसांची मदत, कायद्याचा सल्ला आणि गरज पडली तर पाच दिवसांपर्यंत राहण्याची सोय असते. पाच दिवस म्हणजे कायमचं छप्पर नव्हे, हे आजींना आधी सांगा. नाहीतर "मला आश्रमात टाकताय" असं त्यांना वाटेल.

शेजारी म्हणून तुम्हीही माहिती देऊ शकता. त्याच कायद्यात आहे की असा प्रकार होतोय असं ज्याला सकारण वाटतं, तो कोणीही संरक्षण अधिकाऱ्यांना कळवू शकतो, आणि चांगल्या हेतूने कळवलं तर त्याच्यावर काही बालंट येत नाही.

मखमलाबादची रेखा
थोडं अवांतर होतंय, माफ करा. माझ्या वडिलांचे श्रावणबाळचे पैसे चार महिने आलेले नाहीत. १४५६७ वर सांगितलं तर सुरू होतील का? आम्ही तलाठ्याकडे दोनदा जाऊन आलो.

निवृत्त हवालदार
रेखाताई, एल्डरलाइनवर काय कागद लागतो, कुठल्या टेबलावर जायचं एवढं कळेल. पैसे सुरू करणं त्यांच्या हातात नाही. तहसील कार्यालयात संजय गांधी योजनेची शाखा असते, तिथे जा. खातं आधारशी जोडलेलं आहे का ते बँकेत आधी बघून घ्या, पुष्कळदा गाडी तिथेच अडलेली असते.

गंगापूर रोड वकील
सुनंदाताईंनी अर्धा रस्ता दाखवला, मी उरलेला दाखवतो. आजींना दोन कायदे आहेत. दुसरा २००७ चा, आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा. साठीच्या पुढच्या कोणालाही लागू. अर्ज प्रांत अधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात करायचा, तिथे वकील लागत नाही, उलट कायद्यानेच वकिलाला मज्जाव आहे. निर्वाह भत्ता महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत मिळू शकतो. आजी स्वतः जाऊ शकत नसतील तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्थाही अर्ज करू शकते. १४५६७ इथे खरं कामी येतं. अर्ज कसा करायचा, कुठे करायचा हे ते शांतपणे समजावतात.

बक्षीसपत्राचं मात्र घाईने बोलू नका. या कायद्याचं २३ वं कलम असं आहे की सांभाळ करायच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकतं. सगळा जोर "अटीवर" या शब्दावर आहे. आजींच्या बक्षीसपत्रात तशी ओळ नसेल, "प्रेमापोटी, विनाअट" असं असेल, तर माझ्या मते त्या कलमाचा फारसा उपयोग नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अट असल्याचं दाखवावं लागेल असं म्हटलं आहे.

सुनंदा म.
पण २०२५ च्या जानेवारीतला निकाल विसरू नका ना. त्यात तर म्हटलं आहे की हा कायदा म्हाताऱ्या माणसांच्या बाजूने उदारपणे वाचायचा, आणि न्यायाधिकरण ताबासुद्धा परत देऊ शकतं.

गंगापूर रोड वकील
वाचला आहे. पण त्या प्रकरणात मुलाने सांभाळायचं लिहून दिलेलं होतं. इथे काय लिहिलंय हे आपल्यापैकी कोणीच पाहिलेलं नाही. दस्त न वाचता आजींना "घर परत मिळेल" असं सांगू नका. मुलाशी झालेला व्हॉट्सॲपवरचा निरोप, वेगळ्या कागदावरची चिठ्ठी, काहीही असेल तर जपून ठेवा. माझं म्हणणं असं की आधी २००५ च्या कायद्याखाली राहण्याचं संरक्षण घ्यावं, मग फ्लॅटचं बघावं.

सुनंदा म.
माझं मत उलट आहे. ७२ वर्षांच्या बाईला कोर्टाची पायरी आणि प्रांतांची पायरी यात प्रांतांची सोपी वाटते. पण हे आजींनीच ठरवायचं.

आणि आता खरी गोष्ट. आजी शहाण्या, सज्ञान आहेत. त्यांनी नको म्हटलं तर १८१ काय आणि १४५६७ काय, त्यांच्या डोक्यावरून कोणी काही करणार नाही, करूही नये. फार तर आज फोनवर बोलतील, उद्या विचार करतील, सहा महिन्यांनी हो म्हणतील. मी घेतलेल्या फोनांपैकी कितीतरी बायका तिसऱ्या-चौथ्या फोनला नाव सांगायच्या.

नातवाचं तसं नाही. तो नऊ वर्षांचा आहे. त्याच्यासाठी १०९८ लावायला आजींचा, बापाचा, कोणाचाच होकार लागत नाही. तुम्ही शेजारी म्हणून लावू शकता, तुमचं नाव बाहेर जात नाही. एकच फोन आज लावायचा असेल तर माझ्या मते तो हाच.

देवळालीकर
पण पोराला मारलेलं नाही ना? बापाने बायको-आईला मारलं म्हणून पोराचा नंबर कसा? आणि ते पोराला उचलून बालगृहात टाकतात. आमच्या गल्लीत असं झालं होतं, आई वर्षभर चकरा मारत होती. त्यापेक्षा जिन्यात बसलेला बरा.

सुनंदा म.
दादा, तुमच्या गल्लीत काय झालं ते मला माहीत नाही, पण ही भीती खूप जणांना असते म्हणून सांगते. १०९८ वर फोन आला की जिल्ह्याच्या बाल संरक्षण यंत्रणेतलं माणूस भेटायला येतं, मुलाशी वेगळं बोलतं, शाळेतही चौकशी करतं. मुलाला ताबडतोब हलवायची गरज दिसली तर चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. समितीने काय बघायचं? आधी आई, मग आजी-मामा, आणि संस्था सर्वांत शेवटी. कायद्यात तसंच लिहिलं आहे. इथे तर मुलाची आई हयात आहे, माहेरी आहे. कदाचित या फोनमुळेच कोणीतरी तिला विचारेल की मुलगा तुझ्याकडे यायचा आहे का.

आणि मार बसलेला नाही म्हणता, पण रोज रात्री अकरापर्यंत जिन्यात बसणारं मूल हे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलंच मूल आहे. अंगावर वळ असलाच पाहिजे असं नाही.

उत्तमनगरकर
एक लिहायचं राहिलं. गेल्या रविवारी त्याला बापाने दुकानातून बाटली आणायला पाठवलं होतं. दुकानदाराने दिली नाही, म्हणून पोरगा रडत परत आला. मला हे सांगितलं ते माझ्या मुलीने, ती त्याच शाळेत आहे.

निवृत्त हवालदार
ताई, हे १०९८ ला असंच्या असं सांगा. वार, अंदाजे वेळ, कोणी पाहिलं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवा. "जिन्यात बसतो हे मी पाहिलं, बाटलीचं मुलीकडून कळलं" असं. सगळं एकत्र करून सांगितलं की समोरच्याला कशावर भर द्यायचा ते कळत नाही.

आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर कोणीच दिलं नाही. एकाला लावला की सगळ्यांना आपोआप कळतं, असं धरून चालू नका. १०९८ आता ११२ ला जोडलेलं आहे, म्हणजे मूल तातडीच्या धोक्यात असेल तर तो फोन तिकडे वळवला जातो. पण आजींचं मनगट, फ्लॅट आणि पोराचा जिना ही तीन वेगळी टेबलं आहेत. प्रत्येक ठिकाणी "दुसरीकडेही कळवलं आहे" एवढं सांगा.

पंचवटीचा अमोल
मी चुकीचं लिहिलं होतं, धन्यवाद काका. पण माझाही एक अनुभव सांगतो. मागच्या वर्षी रामकुंडाजवळ एक बाबा दोन दिवस एकाच पायरीवर बसलेले दिसले. हातात पिशवी, त्यात दोन धोतरं आणि बीपीच्या गोळ्या. मुलगा येतो म्हणून गेला होता म्हणे. मी दुपारी १४५६७ लावला. त्यांनी बाबांशीच फोनवर बोलायला मागितलं. बराच वेळ बोलले, गाव विचारलं, कोणाचा नंबर आठवतो का विचारलं. बाबांना पुतण्याच्या दुकानाचं नाव आठवलं. संध्याकाळी त्यांचा माणूस आला. मी असतो तर दहा मिनिटांत कंटाळून निघालो असतो, ते लोक कंटाळले नाहीत. म्हणून माझ्या डोक्यात तोच नंबर बसलाय.

गंगापूर रोड वकील
अमोल, तिथे तोच नंबर योग्य होता. जीवाला तातडीचा धोका नव्हता आणि दिवस होता. बाबा बेशुद्ध पडले असते तर १०८.

ताई, मनगटाबद्दल. आजी तयार असतील तर सिव्हिलला किंवा कुठल्याही दवाखान्यात दाखवून कागद घ्या. डॉक्टरला "दारात अडकलं" सांगितलं तर कागदावर तेच येतं, आणि पुढे तो कागद उलटा पडतो. खरं सांगायची तयारी असेल तेव्हाच नेलेलं बरं. वकिलाचे पैसे हा प्रश्न असेल तर १५१०० हा विधी सेवेचा नंबर आहे, बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट लागत नाही.

उत्तमनगरकर
मंडळी, आठ दिवसांनी लिहितेय.

सोमवारी दुपारी १०९८ लावला. काकांनी सांगितलं तसं वेगवेगळं सांगितलं. परवा एक ताई शाळेत जाऊन मुलाशी बोलून गेल्या. त्या आईशीही संपर्क करणार आहेत. पुढे काय ते अजून कळलेलं नाही.

आजींचं अवघड होतं. मी आधी त्यांना सरळ "१८१ लावूया" म्हटलं तर त्या उठूनच गेल्या. म्हणून दोन दिवसांनी १४५६७ चा विषय काढला. "म्हाताऱ्या माणसांसाठी आहे, फ्लॅटचं विचारून बघूया" एवढंच म्हणाले. सकाळी साडेनऊला माझ्या स्वयंपाकघरात बसून फोन लावला. आधी पेन्शन, बक्षीसपत्र, तिकडचे कागद हेच चाललं होतं. अर्ध्या तासानंतर पलीकडच्या मुलीने विचारलं, "आजी, घरात तुम्हाला भीती वाटते का?" आजी खूप वेळ गप्प राहिल्या. मग पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "रात्री वाटते." मी भाजी तशीच सोडून बाहेर गेले.

त्या मुलीने १८१ चं सांगितलं, प्रांत कार्यालयातल्या अर्जाचंही सांगितलं. आजी म्हणाल्या, नातवाची परीक्षा होऊ दे, मग बघू. बक्षीसपत्राची प्रत मात्र ट्रंकेतून काढून माझ्याकडे ठेवायला दिली. चौथ्या पानावर "सदर इसम माझा तहहयात सांभाळ करील या विश्वासाने" असं लिहिलं आहे. वकीलसाहेब, ही अट धरतात का?

गंगापूर रोड वकील
ही ओळ मी अपेक्षा केली होती त्यापेक्षा बरीच बरी आहे. "विश्वासाने" म्हणजे अट नाही असं समोरचा म्हणेल, आणि आपण म्हणू की हीच अट आहे. यावर भांडता येईल. मूळ प्रत मुलाच्या हाती लागू देऊ नका, आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून एक प्रमाणित प्रतही काढून ठेवा.

सुनंदा म.
परीक्षेपर्यंत थांबायचं ठीक आहे, त्यांचा निर्णय आहे. पण तोवर एक करा. आजींच्या मोबाईलवर ११२ सगळ्यात वर ठेवा आणि तुमचा नंबर त्याखाली. बटणांचा फोन असेल तर ५ किंवा ९ दाबून धरल्यावर ११२ लागतं का ते एकदा नीट बघून घ्या, काही हँडसेटवर चालतं, काहींवर नाही. आणि दोघींत एखादी खूण ठरवा. माझ्याकडे फोन करणारी एक बाई रात्री शेजारणीला "साखर आहे का" एवढंच विचारायची.

उत्तमनगरकर
आजींचा फोन बटणांचाच आहे. आज संध्याकाळी बघते. खुणेसाठी त्यांनीच सुचवलं, "जिन्यातला दिवा मी बंद करेन." पण तो दिवा बंद केला तर पोराने अभ्यास कुठे करायचा, म्हणून आम्ही अजून ठरवलेलं नाही.